स्क्रिप्टमध्ये ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘ते’ सारखं बदलत राहतंय? आधी क्रियापदं तपासा

मी सोलापुरात व्हिडिओच्या निवेदनाच्या स्क्रिप्ट लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात जातो. बहुतेक काम शेतीच्या व्हिडिओंचं. एक प्रॉब्लेम माझ्याकडे दर महिन्याला येतो, तो एकदा नीट लिहून ठेवतो. स्क्रिप्ट सुरू होते ‘आज आपण बघणार आहोत’ अशी, चार ओळींनी ‘शेतकऱ्यांनी असं करावं’ येतं, मग ‘तुम्ही हे करू नका’, मग मधेच ‘आम्ही असं करतो’, आणि शेवटी कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही. लिहिणारा सगळीकडे ‘आपण’ काढून ‘तुम्ही’ करतो, तरी वाचताना काहीतरी अडतंच, आणि पुढच्या दुरुस्तीत सगळं परत आलेलं असतं.

हे फक्त कानाला खटकतं एवढंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मागच्या हंगामात सांगोल्याकडच्या एका डाळिंब उत्पादक गटासाठी बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुना मिसळून केलेल्या फवारणीच्या औषधाचा व्हिडिओ होता, आणि रेकॉर्डिंगच्या आधी आम्ही कच्चा मजकूर गटातल्या पाचसहा जणांना वाचून दाखवला. एका वयस्कर मावशींनी विचारलं, “ती खिळ्याची चाचणी गटाची माणसं येऊन करणार का आमची आम्ही करायची?” मजकुरात ते वाक्य असं होतं: ‘द्रावण तयार झाल्यावर खिळा बुडवून बघितला जातो.’ मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. त्या वाक्यात माणूसच नव्हता. आणि ती चाचणी राहिली तर बागेची पानं करपतात, म्हणजे सर्वनामाचा घोळ थेट बागेत जाऊन बसतो.

मूळ तुकडा आधी देतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बोलता येईल:

“शेतकरी मित्रांनो, आज आपण बोर्डो मिश्रण कसं करतात ते बघणार आहोत. शेतकऱ्यांनी 1 किलो मोरचूद रात्रभर भिजत घालावं. आम्ही त्यासाठी प्लास्टिकचं पिंप वापरतो. लोखंडी भांडं वापरू नका. दुसऱ्या पिंपात 1 किलो चुना विरघळवून घेतात. मग आपण दोन्ही द्रावणं एकत्र करतो. बऱ्याचदा दुकानदार जुना चुना देतात. द्रावण तयार झाल्यावर खिळा बुडवून बघितला जातो. तो तांबूस झाला तर चुना वाढवावा लागतो. ते न बघता फवारणी केली तर पानं करपतात आणि मग ते म्हणतात औषधच चुकलं.”

दहा वाक्यं आणि चार जण. हे येतं कुठून ते बघितलं की अर्धं काम झालं. ‘शेतकऱ्यांनी घालावं’ हे वाक्य छापील माहितीपत्रकातून जसंच्या तसं उचललेलं आहे, तिथली भाषाच तशी असते. ‘आम्ही वापरतो’ हे गटातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाखतीतून आलं. ‘वापरू नका’ हे लिहिणाऱ्यानं स्वतः घातलं, कारण धोक्याची गोष्ट सांगताना आपोआप समोरच्याकडं बघून बोललं जातं. आणि ‘आपण’ तिथं येतं जिथं काम सांगायचंय पण हुकूम केल्यासारखं वाटायला नको असतं. शेवटचं ‘ते म्हणतात’ बघा, चूक दाखवायची वेळ आली की आपण ऐकणाऱ्याला सोडून कुठल्यातरी तिसऱ्यावर ती टाकतो. म्हणजे दरवेळी बदलामागं काहीतरी कारण आहे, लिहिणारा निष्काळजी म्हणून हे होत नाही. म्हणूनच नुसतं लक्ष देऊन लिहा असं सांगून हे थांबत नाही.

पहिलं काम मजकुराला हात न लावता करायचं. कागदाच्या डोक्यावर एक ओळ लिहा: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि काम कोणाच्या हातानं होणार. या व्हिडिओसाठी आम्ही लिहिलं, ‘बोलणारा: गटाचा एक माणूस. ऐकणारा: स्वतःची बाग असलेला शेतकरी, बाई किंवा पुरुष. काम: ऐकणाऱ्याच्या हातानं, त्याच्या बागेत, आम्ही तिथं नसताना.’ या तिसऱ्या भागावर सगळं ठरतं. स्वयंपाकाच्या व्हिडिओत ‘आता आपण कांदा परतून घेऊ’ हे अगदी बरोबर बसतं, कारण दाखवणारी बाई खरंच परततेय आणि बघणारी तिच्याबरोबर आहे. पण बोर्डोचं पिंप ढवळताना तो शेतकरी एकटा असणार, तिथं ‘आपण’ म्हटलं तर आम्ही जी जबाबदारी घेत नाही ती घेतल्यासारखं होतं. म्हणून इथं ‘तुम्ही’ ठरलं. ‘तू’ नको, ते कमी आदराचं आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे ‘तू’ घेतलं की ‘करतोस’ का ‘करतेस’ हे ठरवावं लागतं. ‘तुम्ही करता’ बाईलाही चालतं, बाप्यालाही चालतं.

आता ‘आपण’चा जो घोळ आहे तो थोडा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या स्क्रिप्ट इथंच बिघडतात. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी माणसं, ऐकणारा त्यात नाही. ‘आपण’ म्हणजे ऐकणारा धरून सगळे. हिंदीत दोन्हीला ‘हम’, कन्नडमध्येही दोन्हीला ‘नावु’, त्यामुळं आपल्या सोलापुरात ज्यांच्या घरी कन्नड किंवा हिंदी चालतं अशी काही माणसं मराठी लिहिताना ‘आम्ही’ दोन्हीकडं वापरून जातात आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. तेलुगूत मात्र मराठीसारखेच दोन शब्द आहेत, ‘मनम’ म्हणजे आपण आणि ‘मेमु’ म्हणजे आम्ही. आमच्याकडं एडिटिंग करणारा मुलगा पूर्व भागातला, घरी तेलुगू, आणि तो हे एका क्षणात पकडतो. मजकूर वाचता वाचता थांबून विचारतो, “दादा, इथं मनम आहे का मेमु?” मी आता स्वतःही प्रत्येक ‘आपण’पाशी तोच प्रश्न विचारतो, आणि उत्तर पटकन आलं नाही तर ते वाक्य लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं असं समजतो.

त्यात आणखी दोन ‘आपण’ आहेत. एक निमंत्रणपत्रिकेतलं, ‘आपण अवश्य यावे’, तिथं आपण म्हणजे चक्क तुम्ही, आदरानं. दुसरं ‘आपला’, म्हणजे स्वतःचा: ‘प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या बागेत फिरून बघावं’. हे दुसरं सर्वनाम बदललेलं नाहीच, ते व्याकरणानं बरोबर आहे. ओळखायचं कसं, तर ‘आपल्या’च्या जागी ‘स्वतःच्या’ घालून वाचा, अर्थ तोच राहिला तर त्याला हात लावू नका. फक्त वाक्यच ‘तुम्ही’चं करायचं असेल तर ‘तुम्ही तुमच्या बागेत’ करा, बोलताना तसंच बोलतात आणि ऐकताना गोंधळ होत नाही.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीत सर्वनाम वाक्यात लिहावंच लागतं, मराठीत नाही. ‘उद्या येतो’ म्हटलं की कोण येतो ते आपण बाकीच्या बोलण्यावरून आणि क्रियापदावरून घेतो. त्यामुळं वर्डमध्ये ‘आपण’ शोधून ‘तुम्ही’ टाकलं तर दोन चुका होतात. एक म्हणजे ‘आपण एकत्र करतो’चं ‘तुम्ही एकत्र करतो’ होतं, ते निदान दिसतं तरी. दुसरी जास्त वाईट, ज्या वाक्यात सर्वनामच नाही ती सगळी तशीच राहतात. वरच्या तुकड्यात ‘दुसऱ्या पिंपात चुना विरघळवून घेतात’ यात कुठलंही सर्वनाम नाही, पण ‘घेतात’ म्हटलं की तिसरेच कोणीतरी आले. ‘घेता’ आणि ‘घेतात’ यात एका अक्षराचा फरक, दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळं शुद्धलेखन तपासणी गप्प बसते.

म्हणून मी प्रिंट काढतो, सर्वनामं सोडून देतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाला गोल करतो. मग त्याचे दोन ढीग पडतात. पहिल्या ढिगात माणूस दाखवणारी क्रियापदं: करतो, करू, करूया म्हणजे बोलणाऱ्याच्या बाजूचं, करता, कराल, करा म्हणजे ऐकणाऱ्याचं, करतात म्हणजे तिसऱ्याचं. हा ढीग सोपा, वरच्या ओळीशी जे जुळत नाही ते बदला. दुसऱ्या ढिगात माणूस लपवणारी: केली, करावी, करायची, करायला हवी, करावी लागते, केली जाते. ‘फवारणी केली’ यात केली हे फवारणीशी जुळतंय, करणाऱ्याशी नाही. मी केली, आम्ही केली, त्यांनी केली, सगळीकडं तेच ‘केली’. ‘करावी’चंही तसंच. इथं डोळ्यानं चूक दिसतच नाही, कारण वाक्य व्याकरणानं बरोबर असतं.

मग ऐकणारा काय करतो? तो मागच्या वाक्यातला माणूस पुढच्या वाक्याला लावून घेतो. आमच्या तुकड्यात खिळ्याच्या वाक्याच्या लगेच आधी काय होतं बघा, ‘दुकानदार जुना चुना देतात’. त्यामुळं खिळा बुडवणारा दुकानदारही वाटू शकतो, गटाचा माणूसही वाटू शकतो. मावशींना तेच वाटलं. हे मला कळलं तेव्हापासून मी लपवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाच्या मागचं एक वाक्य वाचतो, आणि तिथं शेवटचा माणूस कोण येऊन गेला ते समासात लिहितो. तो माणूस ‘तुम्ही’च असेल तर ‘करायचं’ खुशाल राहू द्या, बोली भाषेत ते छान वाटतं आणि दर वाक्यात ‘तुम्ही तुम्ही’ ऐकून कान किटतात. दुसरा कोणी असेल तर तिथं ‘तुम्ही’ परत लिहा किंवा सरळ ‘करा’ वापरा.

भूतकाळासाठी एक सोय मराठीनंच दिलेली आहे, ती हल्ली लिहिताना विसरली जाते. ‘तुम्ही फवारणी केली’ असं आपण लिहितो, पण ‘तुम्ही फवारणी केलीत’ असंही होतं. बघितलंत, घातलंत, ढवळलंत. हा शेवटचा ‘त’ लागला की सर्वनाम नसलं तरी माणूस कळतो: ‘न बघता फवारणी केलीत तर पानं करपतात’. आमच्या निवेदकाला सुरुवातीला ते पुस्तकी वाटलं, दोनदा म्हणून बघितल्यावर म्हणाला, आमची आजी असंच बोलायची. मी हा ‘त’ जिथं धोक्याचं वाक्य आहे तिथं नक्की ठेवतो.

‘ते’ काढताना मात्र घाई करू नका. प्रत्येक ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांना’पाशी थांबून विचारा, हा माणूस व्हिडिओ बघतोय का? दुकानदार बघत नाहीये, त्याला ‘ते’ राहू द्या, ते बरोबरच आहे. पण ‘मग ते म्हणतात औषधच चुकलं’ यातले ‘ते’ म्हणजे समोर बसलेला शेतकरीच, त्याला तिसरा करून टाकलंय. इथं दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ‘तुम्ही म्हणता औषध चुकलं’, पण ते टोचतं आणि माणूस व्हिडिओ बंद करतो. मी दुसरा घेतो, चूक कोणाच्याही तोंडी न देता परिणाम सांगतो, किंवा बोलणाऱ्यानं स्वतःच्या गटातली चूक ‘आम्ही’ म्हणून सांगावी. ‘आम्ही’ला स्क्रिप्टमध्ये हीच खरी जागा आहे, जे गटानं खरंच केलं किंवा भोगलं तेवढ्यापुरती.

बदललेला तुकडा असा झाला. गटातल्या जाणत्या माणसाकडून पाण्याचं प्रमाण आणि चाचणीची रीतही यात भरून घेतली, कारण माणूस स्पष्ट झाला की कुठली पायरी राहिलीय तेही दिसायला लागतं:

“नमस्कार. डाळिंबासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण घरच्या घरी कसं करायचं ते आज तुम्हाला दाखवतो. आदल्या रात्री 1 किलो मोरचूद थोड्या पाण्यात भिजत घाला. त्यासाठी प्लास्टिकचं पिंप घ्या, लोखंडी भांडं वापरू नका. सकाळी त्यात पाणी घालून 50 लिटर करा. दुसऱ्या पिंपात 1 किलो चुना विरघळवून तेही 50 लिटर करा. चुना ताजा बघून घ्या, दुकानदार कधी कधी जुना देतात. मग तुम्ही दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि लाकडी काठीनं ढवळत राहा. आता चाचणी, ही तुम्ही स्वतः करायची. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. त्याच्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला आणि परत खिळा बुडवून बघा. हे न बघता फवारणी केलीत तर पानं करपतात, आमच्या गटातल्या एका बागेत ते झालंय. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरून टाका.”

यात ‘तुम्ही’ आणि ‘तुम्हाला’ मिळून फक्त तीनदा आलंय, तरी सगळीकडं तेच ऐकू येतं. पहिल्या वाक्यात ‘तुम्हाला’ आलं की ऐकणारा ठरला. दुसरं ‘तुम्ही’ मुद्दाम दुकानदाराच्या वाक्यानंतर आहे, मधे आलेल्या माणसाला बाजूला करायला. तिसरं चाचणीपाशी, कारण तिथं गफलत झाली होती. ‘शेतकरी मित्रांनो’ही काढलं, त्यातल्या ‘मित्रांनो’त त्या मावशी नव्हत्या.

कॉम्प्युटरवर शोधणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. नुसतं ‘ते’ शोधलंत तर करते, होते, तेव्हा, तेल, सगळं सापडतं आणि तासभर जातो, म्हणून आधी आणि नंतर स्पेस देऊन शोधा. तरी त्यातले बरेच ‘ते’ वस्तूचे किंवा घटनेचे निघतील, जसं वरच्या तुकड्यात ‘एका बागेत ते झालंय’, ते सोडून द्या. ‘करता’ शोधलं की करतात आणि करतानाही येतात, तिथंही शेवटी स्पेस द्या, आणि पूर्णविराम लावून वेगळं एकदा शोधा. आपण, आपल्या, आपला, आपणास या सगळ्यांसाठी नुसतं ‘आप’ पुरतं. लपवणाऱ्या क्रियापदांना मात्र शोधून काही उपयोग होत नाही, ती वाचूनच सापडतात.

एके ठिकाणी मी बदल करत नाही, ते म्हणजे खऱ्या माणसाचे बोल. व्हिडिओत मधेच एखादा शेतकरी कॅमेऱ्यासमोर सांगतो, ‘आमी तर बाबा दरवर्षी छाटणी झाली की मारतोच’. ते ‘आमी’ त्याचं आहे, राहू द्या, डबिंगमध्ये ‘तुम्ही’ करू नका. फक्त त्याच्या बोलण्याआधी निवेदकाच्या तोंडी ओळख हवी, ‘सांगोल्याकडचे एक बागायतदार काय म्हणतात ऐका’, आणि त्याचं बोलणं संपल्यावर निवेदकाचं पहिलं वाक्य ‘तुम्ही’ घालूनच सुरू करायचं. नाहीतर त्याचं ‘आमी’ पुढच्या दोन वाक्यांना चिकटून राहतं. औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचून दाखवायची असेल तर तीही जशी छापली आहे तशी, ‘वापरावे’ तर वापरावे, आणि ‘पाकिटावर असं लिहिलंय’ हे आधी म्हणायचं.

तपासणी मी कानानं करतो. ज्यानं स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा माणसाला बसवायचं, मजकुरातून कुठलीही दोनतीन वाक्यं सलग वाचायची आणि थांबून विचारायचं, “हे कोण करणार?” उत्तर द्यायला तो एक क्षण जरी अडखळला तरी त्या जागेवर खूण करायची, मग व्याकरण कितीही बरोबर असो. सात मिनिटांच्या स्क्रिप्टला असे आठदहा प्रश्न पुरतात. सुरुवातीची दोन पानं सगळ्यांचीच चांगली असतात, घोळ मधल्या भागात असतो, म्हणून मी मधूनच प्रश्न विचारतो. आणि घरच्या माणसाला बसवू नका, त्याला तुमच्या मनातलं आधीच माहीत असतं.

राहिला प्रश्न हे परत परत का येतं. मजकूर गटाकडं मंजुरीला जातो, तिथून दोन नवीन वाक्यं भरून येतात, आणि ती नेहमी माहितीपत्रकाच्या भाषेत असतात, ‘शेतकऱ्यांनी खबरदारी घ्यावी’ अशी. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून डोक्यावरची ती बोलणारा-ऐकणारा ओळ मी आता प्रत्येक पानावर छापतो, आणि मजकूर पाठवताना खाली लिहितो की नवीन वाक्य घालायचं असेल तर ‘करा’, ‘घ्या’ असं लिहा. तरीही ‘घ्यावी’ येतंच. परत आलेल्या प्रतीत नवीन वाक्य रंगवून घ्यायचं, ते ‘घ्या’चं करायचं, आणि न विसरता त्याच्या पुढचं वाक्यही वाचायचं, कारण काल बरोबर असलेलं ‘करायचं’ आज नव्या शेजारामुळं दुसऱ्याचं झालेलं असतं. याच व्हिडिओत शेवटच्या दिवशी एक ओळ आली होती, ‘फवारणी करणाऱ्या मजुरांनी हातमोजे घालावेत’, आणि तिच्या पुढं आमचं वाक्य होतं, ‘उरलेलं मिश्रण विहिरीजवळ ओतायचं नाही’. ते मजुरांचं होऊन बसलं होतं. तिथं ‘उरलेलं मिश्रण तुम्ही विहिरीजवळ ओतू नका, मजुरांनाही ओतू देऊ नका’ असं केलं आणि मग रेकॉर्डिंगला बसलो.